मैत्रीण "कोणाक सांगू नको हां" म्हणून काही सांगते तेव्हा

मे महिन्यातली रात्र, साडेदहा वाजलेले, लाईट गेलेली, मी खळ्यात खुर्ची टाकून बसलेले आणि दर्शना स्कूटी लावून आली ती हेल्मेट न काढताच पायरीवर बसली. (नाव बदललंय, गाव-धंद्याचे तपशीलही ओळख पटू नये इतके बदललेत, का बदललेत ते शेवटी येईलच.) पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तुका एक सांगतंय, पण कोणाक सांगू नको हां."

दर्शना मालवणच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका छोट्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शन आणि बुकिंग बघायची. एकूण माणसं सात, त्यात दोघं खलाशी, एक जेवण करणारी मावशी, बाकी साफसफाई वगैरे, आणि वर मालक, ज्याला सगळे शेठ म्हणतात. त्रास देणारा शेठच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, सात माणसं आणि मालकच आरोपी, कारण तक्रार कुठे द्यायची ते नेमकं ह्यावरच ठरतं आणि आपल्याकडे कोकणात बहुतेक ठिकाणी हेच चित्र असतं, होमस्टे घ्या, खानावळ घ्या, आंब्याचं पॅकिंग घ्या, दुकान घ्या, दहा माणसं असतात कुठे.

मला हे थोडंफार माहीत होतं कारण बचत गटाच्या कामातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालेलं. त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्य सांगितलं ते डोक्यात बसलंय, की मैत्रीण जेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडे येऊन बोलते तेव्हा तिच्या दृष्टीने तुम्ही मैत्रीण असता पण पुढे प्रकरण गेलं तर तुम्ही साक्षीदार असता. घडलेल्या प्रकाराच्या नाही, ते तुम्ही बघितलेलंच नसतं. तुम्ही सांगण्याच्या साक्षीदार. म्हणजे तिने अमुक दिवशी, अमुक अवस्थेत, अमुक शब्दांत हे सांगितलं एवढं तुम्ही सांगू शकता, आणि घटनेनंतर लगेच कोणाला तरी सांगितलेलं असणं हे तिच्या बोलण्याला आधार देणारं म्हणून धरलं जातं. बंद खोलीत दोनच माणसं असतात, तिसरं कोणी नसतं, तिथे हा आधार लहान नाही.

आता हे एकदा डोक्यात असलं की ऐकायची पद्धत आपोआप बदलते. आपली सवय काय, की ती अडखळली की आपण शब्द पुरवतो. "मिठी मारली का त्याने? ओढणी ओढली? खोलीत बोलावलं असेल ना?" आपल्याला वाटतं आपण मदत करतोय, ती मान हलवते, आणि नंतर तिचं तिलाच कळत नाही की हे आठवलेलं की तुम्ही विचारलेलं. पुढे चौकशीत समोरचा माणूस हमखास हाच मुद्दा काढतो की मैत्रिणीने डोक्यात भरवलं. म्हणून मी त्या रात्री जवळजवळ तीनच शब्द वापरले, "मग?", "पुढे?" आणि "बरं". मध्ये ती गप्प झाली तर गप्प राहू दिलं, आणि हे फार अवघड असतं हो, कोकणी माणसाला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच.

दुसरं, क्रम नीट लागत नाही म्हणून शंका घ्यायची नाही. घाबरलेल्या माणसाला एखादी गोष्ट अगदी लख्ख आठवते आणि शेजारची पुसून गेलेली असते. दर्शनाला स्टोअररूममधल्या लाइफ जॅकेटांचा ओला कुबट वास आठवत होता, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा गणपती आठवत होता, पण किती वाजले होते ते नाही, आणि ती आधी ओरडली की आधी हात सोडवला तेही नाही. तिथे "नीट आठव ना" म्हणून मागे लागलं की माणूस अंदाजाने सांगतो आणि तो अंदाज पुढे खोटा ठरला की सगळंच खोटं ठरवतात. नाही आठवत, तर नाही आठवत. तसंच ठेवायचं.

आणि तो एक प्रश्न, "मगे लगेच कित्याक नाय सांगलंस?", तो मनात आला तरी गिळून टाकायचा. तो प्रश्न विचारणारी माणसं तिला पुढे पुष्कळ भेटणार आहेत.

मी दोन गोष्टी मात्र स्पष्ट विचारल्या. एक, उद्या तू त्याच्याबरोबर एकटी असणार आहेस का? कारण बाकी सगळं नंतर, उद्याचा दिवस आधी. ती म्हणाली सकाळी आठला हजेरी आणि दुपारपर्यंत मावशी असते, पण संध्याकाळी बोटी लागल्यावर स्टोअरची चावी घ्यायला जावं लागतं. म्हणजे धोका तिथे होता, चावीपाशी. मग ठरलं की दोन दिवस आजारपणाची रजा टाकायची, तीही फोनवर बोलून नाही तर मेसेज करून, म्हणजे लेखी राहील. आणि दुसरं विचारलं, की तुला आत्ता काय हवंय, मी नुसतं ऐकू की काही करूया? ती म्हणाली, "माका आज नुसता सांगूचा होता." मग विषय तिथेच थांबवला, पेज खाल्ली, ती आमच्याकडेच झोपली.

एक गोष्ट इथे मध्येच सांगते कारण ती ह्या केसमध्ये नव्हती पण तुमच्याकडे असू शकते. "कोणाक सांगू नको" ह्यावर लगेच शपथा घेऊ नका. सीझनला कामाला येणाऱ्या पोरी कधी कधी सतरा वर्षांच्याही असतात, आणि वय १८ च्या खाली असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला कळली त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. तिथे तिची किंवा तुमची मर्जी चालत नाही. तेव्हा आधीच म्हणायचं की तुला विचारल्याशिवाय मी कोणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका दिसला किंवा कायद्याने सांगावंच लागलं तर आधी तुला सांगेन आणि मग सांगेन. दर्शना चोवीस वर्षांची, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

ती झोपल्यावर मी वही काढली. हे त्याच रात्री करायचं, सकाळी नाही. सकाळपर्यंत आपलं डोकं गोष्टीला स्वतःची इस्त्री करून ठेवतं. मी लिहिलं ते जवळजवळ असं होतं:

> ११ मे, रविवार. लिहायची वेळ रात्री १२.१०. दर्शना आज रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या घरी आली, एकटी. आई आत झोपलेली, आमच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. हात थरथरत होते, दोनदा पाणी मागितलं, दोनदा रडली. म्हणाली, "शेठनी स्टोअरात माझो हात धरल्यान आणि सोडूक तयार नाय." कधी, विचारलं. "परवा, शुक्रवारी, बोटी लागल्यावर." नक्की वेळ आठवत नाही म्हणाली. "मी हात वढून भायर इलंय, मावशीन बघल्यान." ह्याआधी दोनदा तो "घाण बोललो" असं म्हणाली, काय बोलला ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोनवरचा एक मेसेज दाखवला, तो मी स्वतः वाचला.

खाली सही आणि पानाचा फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवला, म्हणजे कधी लिहिलं त्याची तारीख मशीनकडे राहिली.

ह्यात बघा, "विनयभंग" हा शब्द नाही, "नालायक माणूस" नाही, "बिचारी" नाही. तिचे शब्द मालवणीत आहेत ते मालवणीतच ठेवलेत. तिने "हात धरल्यान" म्हटलं आणि मी वहीत "अंगचटीला आला" लिहिलं तर दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि दोन गोष्टी झाल्या की समोरच्याला फट मिळाली. मी काय पाहिलं (हात थरथरत होते) आणि तिने काय सांगितलं हे वेगळं कळतंय. आणि जे मला माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहिलंय. ही वही उद्या समोरचा माणूसही वाचू शकतो असं धरूनच लिहायची, त्यामुळे शेठबद्दल मनात जे आलं ते मी लिहिलं नाही, ते मी नंतर माडाला ऐकवलं.

तिची वही वेगळी. ती तिने स्वतःच्या हाताने लिहायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून जुळवायच्या नाहीत. दोघींना थोडं वेगळं आठवणं हे खरं असतं, शब्दाला शब्द जुळलेलं असलं की ते पाठ केलेलं वाटतं.

तिसऱ्या दिवशी तिने लिहायला घेतलं तेव्हा अडचण आली तारखांची. शुक्रवारचा ९ मे नक्की होता, पण आधीची दोन वेळची घाण बोलणी कधीची? "एप्रिलात खयतरी." इथे डोक्याला ताण द्यायचा नसतो, खुंटी शोधायची असते. त्या दिवशी आजूबाजूला काय होतं? ती म्हणाली दुसऱ्या वेळी पुण्याचा अठरा जणांचा ग्रुप आलेला आणि सुरमई कमी पडलेली म्हणून तिला बाजारात पाठवलेलं. झालं, सुरमईचे पैसे तिने यूपीआयने दिलेले, हिस्टरीत बघितलं तर २६ एप्रिल, शनिवार, सकाळी ९ वाजून काही मिनिटं. पहिल्या वेळची खुंटी कुठेच मिळाली नाही, तर तिने लिहिलं "एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, तारीख आठवत नाही", आणि ते तसंच पुरतं. कॉल लॉग, एसटीचं तिकीट, हजेरी, जत्रा, अंगारकी, घरी कोण पाहुणे होते, ह्यातलं काहीही खुंटी होऊ शकतं.

आता तो मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपवर होता, आणि सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. तिने स्क्रीनशॉट काढलेला पण त्यात वर नाव दिसत होतं "शेठ", नंबर नव्हता. "शेठ" नावाने तर कोणाचाही नंबर सेव्ह करता येतो. म्हणून कॉन्टॅक्टवर टॅप करून नंबर दिसतो त्या पानाचा स्क्रीनशॉट, मग तारीख-वेळ दिसेल असा मेसेजचा, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे दोन-चार मेसेजही, तिने काय उत्तर दिलं त्यासकट, जरी ते उत्तर तिला आता लाजिरवाणं वाटत असलं तरी. तिने हसऱ्या स्मायलीने उत्तर दिलेलं. तिला ते पुसून टाकायचं होतं. मी म्हटलं राहू दे, नोकरी टिकवायला पोरी स्मायली टाकतात हे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवरच्या बायकांनाही माहीत असतं, पण पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये शिल्लक राहिला आणि त्याने तो दाखवला तर ती लपवतेय असं दिसेल.

पुढे चॅट सेटिंगमध्ये डिसअपिअरिंग मेसेज चालू आहे का तेही बघितलं, नव्हतं. असतं तर आधी स्क्रीनशॉट, मग बाकी बोलणं. समोरच्याने "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तर मेसेज जातोच, आणि स्टेटस तर चोवीस तासांत संपतं. चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर टाकलं. पण ह्या सगळ्या नकला आहेत, खरी गोष्ट म्हणजे फोन. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा झाला तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सोबत सर्टिफिकेट लागतं, तेव्हा मूळ फोन हातात असला तर निम्मं काम सोपं. फोन विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही, आणि तो मेसेज मैत्रिणींच्या ग्रुपवर तर अजिबात फॉरवर्ड करायचा नाही.

साक्षीदारांचं आमच्याकडे वेगळंच त्रांगडं आहे. स्टोअरबाहेर मावशी होती आणि एक नेपाळी खलाशी दोर गुंडाळत होता. मेच्या शेवटी वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, बोटी वर ओढतात, आणि हे खलाशी आपापल्या मुलखात निघून जातात ते पावसाळ्यानंतरच उगवतात, तेही त्याच मालकाकडे येतील असं नाही. तक्रारीत साक्षीदारांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात. म्हणून दर्शनाने मावशीकडून त्या पोराचा गावचा पत्ता आणि नंबर मिळवून ठेवला, बास. त्याला "तू काय बघितलंस, असं सांगशील ना" असं विचारायला जायचं नाही, मीही गेले नाही. साक्षीदाराला पढवलं असा आरोप यायला एवढंही पुरतं.

आणि हाच सीझन मुदतीलाही खातो. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात तक्रार लेखी द्यायची मुदत आहे तीन महिने, एकच घटना असेल तर त्या दिवसापासून आणि एकामागून एक असतील तर शेवटच्या घटनेपासून. दर्शनाची शेवटची घटना ९ मे, म्हणजे ९ ऑगस्ट. ऐकायला भरपूर वाटतं. पण मे संपेपर्यंत गडबड, मग पाऊस, मग लावणी, मग नारळी पौर्णिमा नि गणपतीची तयारी, आणि पोरीला वाटतं की सीझन संपला, आता कशाला, पुढच्या वर्षी दुसरीकडे काम बघू. समितीला योग्य कारण दिसलं तर ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, कारण लेखी नोंदवून, पण ते समितीवर आहे, त्या भरवशावर बसायचं नाही. (पोलिसात जायचं असेल तर ही तीन महिन्यांची अट तिथे नाही, पण उशीर का झाला ते तिथेही विचारतात.)

आता कुठे द्यायची. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलेली असायलाच हवी, आणि ह्यात रोजंदारीची, सीझनची, शिकाऊ सगळी माणसं धरतात, फक्त पगारपत्रकावरची नाही. दहाच्या खाली असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. दर्शनाच्या बाबतीत दोन्ही लागू. सिंधुदुर्गात म्हणजे ओरोसला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कक्षेत. कायद्यात तालुक्यालाही एक नोडल अधिकारी नेमायचा असतो ज्याच्याकडे तक्रार दिली की त्याने सात दिवसांत ती स्थानिक समितीकडे पाठवायची. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना ह्या नेमणुका करण्यासाठी तारखा घालून दिल्या, म्हणजे त्याआधी काय अवस्था होती ते समजा. आम्ही तालुक्याच्या एका ऑफिसात विचारलं तर टेबलावरचा माणूस म्हणाला कसली समिती, पोलिसात जावा. वाद घातला नाही. सरकारचं शी-बॉक्स पोर्टल आहे, shebox.wcd.gov.in, त्यावरूनही देता येते, पण दर्शनाला कागद हवा होता, शिक्का हवा होता.

पण हे मी पुढचं सांगितलं. मध्ये तीन आठवडे गेले ज्यात ती "द्यायची" आणि "नको" ह्यात रोज हेलकावे खात होती, आणि खरी कसोटी मैत्रिणीची तिथे असते.

मी एक चूक केली ती सांगते. पाचव्या-सहाव्या दिवशी मी जोरात म्हटलं की तू नाही दिलीस तर तो उद्या दुसऱ्या पोरीला हेच करणार. खरं असेलही, पण ती दोन दिवस माझा फोन उचलत नव्हती. तिच्यावर आधीच एक ओझं होतं, मी दुसऱ्या पोरींचंही चढवलं. त्यानंतर मी पद्धत बदलली. तक्रार करायची की नाही हा एवढा मोठा प्रश्न विचारायचाच नाही, त्याचे तुकडे करायचे. लिहून ठेवणं वेगळं, माहिती विचारणं वेगळं, देणं वेगळं. लिहिलं म्हणजे दिलं असं होत नाही. मग एके दिवशी आम्ही दोघींनी १५१०० ला फोन लावला, तो मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे, बाईमाणसाला उत्पन्न किती ह्याची अट नसते. बोलली ती, मी फक्त स्पीकर धरून बसले. महिलांची १८१ हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२.

तिच्या भित्या एकेक करून बाहेर आल्या तसं एकेकीला उत्तर मिळालं, आणि माझ्या लक्षात आलं की "घाबरू नको" ह्या वाक्याला शून्य किंमत असते, नेमकं उत्तर लागतं. तिला वाटत होतं शाबीत झालं नाही तर खोटी तक्रार म्हणून तिलाच शिक्षा. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, मुद्दाम दुष्टाव्याने केली हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. वाटत होतं शेठ मुंबईचा वकील आणेल. समितीपुढे दोघांपैकी कोणालाच वकील घेऊन जाता येत नाही. वाटत होतं गावातली माणसं बसवून मिटवतील. समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, तोही चौकशी सुरू व्हायच्या आधी, आणि पैशावर तर नाहीच. चौकशी चालू असताना तिने लेखी मागितलं तर समिती तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते. आणि हेही सांगितलं, कारण नंतर कळलं असतं तर माझ्यावरचा विश्वास गेला असता, की समिती कोणाला जेलमध्ये टाकत नाही. भरपाई, कारवाईची शिफारस, हे समितीच्या हातात. गुन्हा नोंदवायचा तर पोलीस, भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं, आणि दोन्ही एकदम करता येतं किंवा एकच. दर्शनाने तेव्हा फक्त समिती निवडली. मला पोलीसही हवे होते. तक्रार तिची होती, म्हणून मी गप्प बसले.

एका भीतीला मात्र कुठल्याच कलमात उत्तर नव्हतं. "घराकडे कळला तर माका परत कामाक धाडूचे नाय." हे अगदी खरं होतं. शेठ तिच्या बापाच्या ओळखीतला, तिचं काम त्याच ओळखीवर लागलेलं, भाऊ गरम डोक्याचा. भावाला कळलं असतं तर तो चार पोरं घेऊन जेटीवर गेला असता, मारामारी झाली असती, आणि मग केस झाली असती ती भावावर आणि दर्शनाची गोष्ट राहिली असती बाजूला. हे आमच्याकडे इतक्या वेळा होतं की विचारू नका. ह्यावर आम्ही तिच्या आत्याला धरलं, तीही तिने निवडलेली, मी नाही. आत्या अंगणवाडीत, तिचं बाप ऐकतो. आत्याने आईला सांगितलं, आईने आठ दिवसांनी बापाला, आणि भावाला सगळ्यात शेवटी, कागदावर शिक्का बसल्यावर, तेव्हा त्याला म्हटलं की आता तू काही केलंस तर तिचीच केस बिघडेल.

तक्रार तिने मराठीत साध्या भाषेत लिहिली, दोन पानं. मी कोण, कुठे काम करते, कधीपासून, तो कोण, काय झालं तारखेप्रमाणे, कोण होतं, सोबत काय जोडलंय, मला काय हवंय. लिहिता येत नसेल तर समितीतल्या माणसांनी लिहायला मदत करायची असते. आणि काही कारणाने ती स्वतः देऊच शकत नसेल तर घटनेची माहिती असलेलं कोणीही तिच्या लेखी संमतीने देऊ शकतं, म्हणजे मैत्रीणसुद्धा, पण लेखी संमतीशिवाय नाही, हौसेने तर नाहीच. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात जोडलेल्या कागदांसकट, आम्ही सात नेल्या, सातवी शिक्का मारून परत घ्यायला. चौकेमार्गे कसाल आणि तिथून ओरोस, पाऊस नुकता लागलेला, झेरॉक्स भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. आवकवाल्याने प्रत ठेवून घेतली आणि जा म्हणाला, तर दर्शनाच म्हणाली, "आवक नंबर घाला आणि सही-शिक्का द्या." मी मागे उभी होते, मला एवढं धाडस झालं नसतं.

तिथून पुढचं घड्याळ कायद्याचं. सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, त्याला उत्तराला दहा कामाचे दिवस, आणि पूर्ण चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. चौकशीत काय झालं, काय निघालं, ते मी इथे लिहिणार नाही, ह्याच कायद्याच्या कलम १६ ने तिची ओळख आणि समितीसमोरची कार्यवाही अशी बाहेर छापायला मनाई आहे, म्हणूनच वर सगळं बदलून सांगितलंय. मलाही बोलावलं होतं, एवढं सांगते, आणि जाताना वही नेली होती.

निर्णयावर अपील करायलाही नव्वद दिवस असतात, तेवढे दिवसही कागद आणि फोन जपायचे. गणपतीत मोबाईलच्या दुकानात एक्स्चेंज ऑफर लागली, दर्शनाच्या फोनची स्क्रीन तडकलेली, बॅटरी फुगलेली, आईने पैसे काढून दिले की जा, नवा घे जुना देऊन. ती म्हणाली जुना द्यायचा नाय. आईला कारण माहीत होतं, शेजारणींना नव्हतं, त्यांना वाटलं पोरीने कंजूषपणा केला. बॅटरी तेवढी बदलून घेतली, आणि तो फोन आत्याच्या कपाटात आहे, बंद करून, महिन्यातून एकदा चार्ज करतात.